शरीर वजन राखतं, म्हणजे नेमकं काय राखतं?

कॅनाग्लिफ्लोझिन नावाची मधुमेहावरची एक गोळी आहे. आपल्याकडे तिच्याच गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या अधिक ओळखीच्या आहेत. कॅनाग्लिफ्लोझिनचं काम सरळ आहे. मूत्रपिंडात रक्तातून गाळली गेलेली साखर एरवी जवळपास सगळी परत शोषली जाते. ही गोळी त्या परतीच्या वाटेवर अडसर घालते आणि दिवसाला साधारण ९० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. ग्रॅममागे चार कॅलरी धरल्या तर रोज ३६० कॅलरी गेल्या, म्हणजे तीन-साडेतीन पोळ्यांइतकी ऊर्जा. ती खाणाऱ्याच्या नकळत जाते.

वजन उतरलं की शरीराचा खर्चही घटतो, कारण लहान शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे ही घट दिवसाला २० ते ३० कॅलरींची असते. मधली २५ धरू. रोज ३६० कॅलरींची गळती आणि किलोमागे २५ कॅलरींची बचत, असा हिशेब मांडला तर जमा-खर्च पुन्हा जुळेपर्यंत चौदा-एक किलो वजन उतरायला हवं. प्रत्यक्षात ही गोळी वर्षभर घेणाऱ्यांचं वजन सरासरी तीन-चार किलो उतरतं आणि तिथेच थांबतं. गळती तर चालूच असते. मग बाकीची भरपाई कुठून होते?

खाण्यातून. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी या गोळीच्या वर्षभराच्या चाचणीतल्या वजनाच्या नोंदी घेऊन, खाण्यात काय बदल झाला असेल ते गणिताने काढलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. चाचणीतल्या लोकांना आपल्याला खरी गोळी मिळते आहे की खोटी, हे माहीत नव्हतं. त्यांना कुणी डाएट करायला सांगितलं नव्हतं. तरी उतरलेल्या दर किलोमागे ते दिवसाला सुमारे १०० कॅलरी जास्त खाऊ लागले होते. खर्चातल्या घटीच्या हे तिपटीहून जास्त आहे. आता दोन्ही आकडे एकत्र धरून ३६०ला १२५ने भागा. उत्तर तीनच्या आसपास येतं.

मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. डाएट करणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याचा निग्रह, कंटाळा, घरातलं लग्नकार्य असं सगळं मध्ये येतं आणि वजन परत का चढलं ते सांगता येत नाही. इथे मन आणि इच्छाशक्ती बाजूला पडतात. शरीराला वजन घटल्याचं कळलं आणि त्याने निमूटपणे भूक वाढवली, एवढंच उरतं.

शरीर एका ठरावीक वजनाच्या आसपास राहू पाहतं, या कल्पनेला सेट पॉइंट सिद्धांत म्हणतात. इस्त्री ठरावीक तापमानाला स्वतः बंद होते आणि थंड झाली की परत सुरू होते, तशी काहीतरी यंत्रणा शरीरात असावी असा तो तर्क. गेल्या सत्तर वर्षांत त्याच्या बाजूने भरपूर पुरावा जमला आणि विरुद्धही जमला. दोन्ही शेजारी ठेवले की सिद्धांताचा अर्धा भाग पक्का दिसतो आणि अर्धा भाग डगमगतो.

सुरुवात मेंदूपासून झाली. १९४०च्या सुमारास हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात नेमकी इजा केली आणि उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच भागाच्या बाजूच्या पट्ट्यात इजा केली, तर उंदरांनी खाणंच सोडलं. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि 'भूक केंद्र' ही कल्पना पुढची काही दशकं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत राहिली. मेंदूला चरबीच्या साठ्याची खबर मिळत असावी आणि तो त्यानुसार खाणं ठरवत असावा, हे गॉर्डन केनेडी यांनी १९५३ मध्ये मांडलं.

पण केंद्र बिघडलं म्हणून खाणं सुटलं, की राखायचं वजनच खाली सरकलं? हा फरक पाउली आणि कीझी यांनी १९७०च्या प्रयोगात दाखवला. त्यांनी काही उंदरांना शस्त्रक्रियेआधीच उपाशी ठेवून बरंच बारीक केलं आणि मग तीच बाजूची इजा केली. नुसती भूक मेली असती तर या उंदरांनीही अन्नाला तोंड लावलं नसतं. त्यांनी मात्र लगेच खायला सुरुवात केली, वजन वाढवलं आणि इतर इजा झालेले उंदीर ज्या कमी वजनावर स्थिरावले होते तिथवर येऊन थांबले. म्हणजे मेंदूत काहीतरी पातळी होती आणि ती बदलली होती.

ही खबर चरबीकडून मेंदूपर्यंत कशी जाते, याचं उत्तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिलं. तिथे जन्मतः अतिशय लठ्ठ होणाऱ्या उंदरांचे दोन वाण होते, एक १९५० पासून माहीत असलेला आणि दुसरा १९६६ मध्ये नोंदवलेला. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांची कातडी एकमेकांना शिवून त्यांचं रक्त एकमेकांत थोडं मिसळू दिलं. दुसऱ्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. तोच लठ्ठ उंदीर पहिल्या वाणाच्या लठ्ठ उंदराला जोडला, तरी पहिला उपाशी मेला. पहिल्या वाणाला साध्या उंदराशी जोडलं, तर त्याचं खाणं कमी झालं. कोलमन यांचा निष्कर्ष असा की पहिल्याच्या शरीरात 'पुरे' असं सांगणारा रेणू तयारच होत नाही, आणि दुसऱ्याच्या रक्तात तो भरपूर आहे पण त्याच्या मेंदूला ऐकू येत नाही. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने तो रेणू बनवणारं जनुक शोधलं. चरबीच आपल्या पेशींतून तो रेणू सोडते. त्याचं नाव लेप्टिन.

१९९९ मध्ये इंग्लंडमधल्या एका मुलीवरच्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. वय ९ वर्षं, वजन ९४.४ किलो, आणि भूक अशी की कितीही खाल्लं तरी भागत नसे. रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं आणि बारा महिन्यांत १६.४ किलो वजन उतरलं. लठ्ठपणावर औषध सापडलं असं त्या काळी अनेकांना वाटलं. पण अशी जन्मजात कमतरता अत्यंत विरळ असते. सर्वसामान्य लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच पुष्कळ असतं, बारीक माणसापेक्षा कितीतरी जास्त, आणि वरून आणखी दिलं तर फरक मामुलीच पडतो.

लेप्टिन वाढलं तर मेंदू फारशी दखल घेत नाही. लेप्टिन घटलं तर मात्र धोक्याची घंटा वाजते. वजन उतरवलेल्या माणसांना थोडंसं लेप्टिन देऊन त्याची पातळी पूर्वीइतकी केली, तेव्हा त्यांचा घटलेला ऊर्जाखर्च बऱ्याच अंशी पूर्ववत झाला, असं न्यूयॉर्कच्या रोझेनबाउम आणि लायबेल यांनी दाखवलं. यंत्रणा उपासमारीपासून वाचवण्यासाठी बनली आहे. सुबत्तेपासून वाचवण्याचं काम तिला जमत नाही, कारण ते तिच्याकडे फारसं नव्हतंच.

उपासमारीत ती काय करते, याचा सर्वांत सविस्तर वृत्तांत मिनेसोटा विद्यापीठातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. नैतिक कारणाने सैन्यात जायला नकार दिलेली ही निरोगी मुलं होती आणि ती स्वखुशीने आली होती. आधी त्यांना दिवसाला साधारण ३५०० कॅलरी दिल्या, मग २४ आठवडे जेमतेम १५७०. जेवण दोन वेळा, त्यात बटाटे, सलगमच्या जातीचे कंद, पाव, मॅकरोनी. आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं. सरासरी वजन सुमारे ६९ किलोंवरून ५३च्या आत गेलं. नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली, आराम करतानाचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. ताटं चाटून पुसली जायची. पाककृतींची पुस्तकं जमवणं हा काही जणांचा छंद झाला.

प्रयोगाचा खरा धडा नंतरच्या टप्प्यात आहे, जो लोक सहसा सांगत नाहीत. पुढे १२ जणांना निर्बंध काढून हवं तेवढं खाऊ दिलं आणि त्यांची मापं घेत राहिले. काही जण दिवसाला ५००० कॅलरींच्या वर खात होते. अनेक वर्षांनी अब्दुल डुलू यांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा दिसलं, की चरबी मूळ पातळीवर परत आली तरी भूक थांबली नव्हती. स्नायू अजून भरून आले नव्हते आणि ते भरेपर्यंत ही मुलं अति खात राहिली, त्यामुळे चरबी मूळ पातळीच्या बरीच वर गेली. म्हणजे शरीर फक्त चरबीचा हिशेब ठेवत नाही, स्नायूंचाही ठेवतं. कडक डाएटमध्ये प्रथिनं आणि व्यायाम सोडणाऱ्याचे स्नायू जास्त झिजतात, आणि परतीचं वजन चरबीच्या रूपात का येतं त्याचं एक कारण इथे आहे.

वरच्या बाजूला चित्र इतकं ठाम नाही. १९६०च्या दशकात व्हरमाँटमध्ये ईथन सिम्स यांनी तुरुंगातल्या स्वयंसेवकांना महिनोन्‌महिने अति खायला घालून त्यांचं वजन २०-२५ टक्के वाढवलं. प्रयोग संपल्यावर बहुतेक जण पुन्हा जुन्या वजनाकडे आले. क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून नेमका होता. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या, आणि १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला रोज १००० कॅलरी जास्तीच्या. सगळ्यांनी जादा कॅलरी सारख्याच खाल्ल्या, पण वजन कुणाचं चार किलो वाढलं तर कुणाचं तेरा. एका जोडीतले दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या बरेच जवळ होते. वरच्या बाजूचा प्रतिकार आहे, पण तो माणसागणिक फार वेगळा आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे.

वजन परत चढलं की दोष सरसकट 'मेटाबॉलिझम मंदावलं' याला दिला जातो. 'द बिगेस्ट लूजर' या अमेरिकन टीव्ही स्पर्धेमुळे ही समजूत घट्ट झाली. स्पर्धेतल्या १४ जणांचं वजन सरासरी ५८ किलो उतरलं होतं. सहा वर्षांनी त्यातले ४१ किलो परत आले होते, आणि आरामातला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? पण त्याच शोधनिबंधात एक गोष्ट होती जी मथळ्यात बसत नव्हती. ज्यांचं मेटाबॉलिझम जास्त मंदावलं होतं तेच जास्त जाड झाले, असं आढळलं नव्हतं. उलट वजन टिकवून ठेवणाऱ्यांमध्ये ही घट जास्त होती. नंतरच्या विश्लेषणात टिकवून ठेवणाऱ्यांची शारीरिक हालचाल बरीच वाढलेली आढळली.

मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. वजन उतरत असताना मोजलं तर खर्चातली घट मोठी दिसते. वजन काही आठवडे स्थिर राहू दिलं आणि मग मोजलं तर लहान शरीराचा हिशेब वजा जाता उरलेली घट अनेकदा पन्नास-एक कॅलरींवर येते. अर्धी पोळी. तेव्हा जिममधल्या यंत्राने किंवा मनगटावरच्या घड्याळाने 'तुमचं मेटाबॉलिझम मंद आहे' असं सांगितलं तर त्याचं फार मनावर घेऊ नये. डाएटवर वजन सहा-आठ महिन्यांनी अडकतं, त्याचं मोठं कारण भूक आहे. निव्वळ खर्च घटल्याने वजन अडकायला दोन-तीन वर्षं लागली असती. माणूस प्रामाणिकपणे सांगतो की मी पहिल्या दिवसाइतकंच कमी खातो, त्याला कष्टही तेवढेच पडत असतात, पण ताटातलं अन्न हळूहळू वाढलेलं असतं. सुमित्रन यांच्या २०११च्या मेलबर्नमधल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो उतरले होते. वर्षभरानंतरही भूक लावणारी संप्रेरकं वरच होती आणि लोकांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती.

आता सिद्धांताचा डगमगणारा भाग. सेट पॉइंट जन्माने ठरलेला आकडा असेल तर देशच्या देश जाड का होतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ मध्ये भारतातल्या १२.६ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. २०१९-२१ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. पंधरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. स्वस्त तेल, साखर, पाकीटबंद खाणं आणि बैठी कामं यांनी हे घडवलं, आणि एकच आकडा राखणाऱ्या यंत्रणेने ते होऊ द्यायला नको होतं. १९७७ मध्येच वर्टशाफ्टर आणि डेव्हिस यांनी दुसरी मांडणी केली होती, की राखलेला आकडा वगैरे काही नाही. खाणं आणि खर्च जिथे जुळतील तिथे वजन स्थिरावतं, परिसर बदलला की ते दुसरीकडे स्थिरावतं. पण ही मांडणी कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीतली वाढलेली भूक समजावू शकत नाही.

जॉन स्पीकमन यांनी दोन्हींच्या मधली वाट काढली. त्यांच्या मते आकडा एक नाही, हद्दी दोन आहेत. खालच्या हद्दीखाली गेलात तर उपासमारीचा धोका, म्हणून तिथे शरीर जीव तोडून लढतं. वरच्या हद्दीपलीकडे गेलात तर हिंस्र प्राण्यांपासून पळता येणार नाही, म्हणून तिथेही लढायचं. मधल्या पट्ट्यात परिसराचं राज्य. माणसाने शस्त्रं आणि अग्नी मिळवल्यावर हिंस्र प्राण्यांचा धाक गेला आणि वरची हद्द पिढ्यांमागून पिढ्या, कुणाची थोडी कुणाची खूप, सैल झाली. उत्क्रांतीची ही कथा सिद्ध झालेली नाही, पण दोन हद्दींचं चित्र पुराव्याशी सर्वांत जास्त जुळतं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलेल्या दोघांपैकी एक बारीक आणि एक जाड का राहतो, तेही त्यात बसतं. एक गोष्ट त्यात नीट बसत नाही. वर्षानुवर्षं जाड राहिलेल्या माणसाचं शरीर ते वाढलेलं वजनच राखू लागतं. लायबेल यांच्या १९९५च्या मोजमापांत लठ्ठ माणसांनी दहा टक्के वजन घटवलं तेव्हा त्यांचा खर्च बारीक माणसांप्रमाणेच घटला, आणि तेही वजन त्यानंतरही बरंच जास्त असताना. पातळी वर सहज जाते, खाली येत नाही. ती वर कशाने जाते यावर एकमत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी यात एक जादाची गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. पुण्याच्या आसपासच्या गावांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास करतानाही याज्ञिक यांच्या चमूला दिसलं, की इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ही बाळं खूप हलकी असली तरी त्यांची चरबी त्या मानाने राखलेली होती, स्नायू मात्र कमी होते. शरीर जे राखतं ते वजनकाट्यावर दिसत नाही, आणि ते जे राखतं ते आरोग्याला हितकारक असेलच असंही नाही. 'हे माझं नैसर्गिक वजन आहे' असं म्हणणाऱ्या पासष्ट किलोच्या माणसाची कंबर आणि उपाशीपोटीची साखर आधी बघावी.

पातळी खाली आणण्याचे दोन मार्ग आज माहीत आहेत. पहिला, जठराची शस्त्रक्रिया. जठराचा मोठा भाग काढलेल्या उंदरांना त्यानंतर मुद्दाम उपाशी ठेवून आणखी बारीक केलं आणि मग मोकळं सोडलं, तर त्यांनी खाऊन वजन वाढवलं आणि शस्त्रक्रियेनंतरच्या त्या कमी वजनावर येऊन ते थांबले. जठर लहान झाल्यामुळे जास्त खाता येत नाही एवढंच कारण असतं तर त्यांना वजन भरून काढता आलं नसतं. दुसरा मार्ग सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं, जी वजन उतरवण्यासाठी २०२५ पासून भारतातही मिळू लागली आहेत. ती भुकेचा तो किलोमागचा रेटा कमकुवत करतात, त्यामुळे वजन अडकतं ते उशिरा आणि बरंच खाली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं, कारण औषध होतं तोवरच रेटा कमी होता.

म्हणून इंजेक्शन सुरू करायचं ठरत असेल तर डॉक्टरांना किती किलो उतरतील हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे किती वर्षं घ्यायचं, आणि थांबवायची वेळ आली तर त्या भुकेचं काय करायचं?